समई एकदाच कापावी

भाच्याच्या लग्नपत्रिकेवर आजीची पितळी समई हवी, असा घरातून आग्रह झाला. मी खिडकीजवळ कागद पसरून समईचा फोटो काढला, संगणकावर बसून तिच्या मागचा कागद उडवला आणि फाइल प्रेसमध्ये पाठवली. दहा मिनिटांत फोन आला.

"काका, समई पांढऱ्या चौकटीत आलीय. आपली पत्रिका मरून रंगाची आहे ना? पीएनजी पाठवा."

"अरे, पीएनजीच पाठवलीय."

"मेसेजवर फोटो म्हणून टाकलीत ना, मग वाटेत तिची जेपीजी झाली. डॉक्युमेंट म्हणून टाका."

टाकली. या वेळी समई मरून रंगावर नीट उभी राहिली, पत्रिका छापून झाली आणि तो विषय तिथेच संपला असं वाटलं. दिवाळीत सोसायटीला सहा फुटी फ्लेक्स करायचा होता. "तुमच्याकडे ती समई आहे ना, तीच द्या," असा निरोप आला. शोधलं तर माझ्याकडे फक्त पत्रिकेपुरती केलेली, सहाशे पिक्सेल उंचीची पीएनजी उरली होती. ती फ्लेक्सवर ताणली की समईच्या जागी पिवळट धुकं दिसायचं. कापण्याचं दोन तासांचं काम पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. त्या वेळी मी वस्तू कापली होती, पण कापण्याची मेहनत जपून ठेवली नव्हती. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या दोन वेगळ्या फायलींत राहतात.

साचा आणि मूर्ती

थरांची फाइल म्हणजे साचा आणि पारदर्शक पीएनजी म्हणजे त्यातून काढलेली मूर्ती. गिम्प या मोफत सॉफ्टवेअरमध्ये साच्याच्या फाइलचं नाव `.xcf` असं संपतं, फोटोशॉपमध्ये `.psd` असं. मूळ फोटो, कापलेली समई, तिची सावली, ज्योत हे सगळं या फाइलीत वेगवेगळ्या थरांवर, म्हणजे लेअरवर, असतं. एक लेअर हलवला, झाकला किंवा सुधारला तरी बाकीचे जागचे हलत नाहीत. पीएनजी काढताना दिसणारे सगळे लेअर एकमेकांवर दाबले जाऊन एकच चित्र उरतं. त्या चित्रातून सावली वेगळी काढता येत नाही आणि चुकून कापला गेलेला मोराचा तुरा परत आणता येत नाही.

गिम्पने हा फरक मेनूतच करून ठेवला आहे. `File > Save` म्हटलं की फाइल फक्त `.xcf` म्हणून साठते. पीएनजी हवी असेल तर `File > Export As` इथे जावं लागतं. पहिल्यांदा हा प्रकार त्रासाचा वाटतो, पण त्यात शहाणपण आहे. नुसती पीएनजी काढून खिडकी बंद करायला गेलात, तर काम अजून साठवलेलं नाही असं गिम्प बजावतं. मी त्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून बंद करण्याचं बटण दाबलं होतं आणि माझा साचा तिथेच गेला.

पारदर्शकता राहते कुठे?

पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला, म्हणजे पिक्सेलला, लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे असतात. पारदर्शक चित्रात चौथा आकडा येतो. हा ठिपका किती भरीव धरायचा, ते तो सांगतो: 0 म्हणजे मुळीच नाही, 255 म्हणजे पूर्ण. या चौथ्या आकड्याला अल्फा म्हणतात. 1970 च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत संगणकीय चित्रांवर काम करणाऱ्या अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल यांनी ही कल्पना मांडली. चित्रातच त्याचं अल्फा साठवून ठेवलं, की तेच चित्र कुठल्याही पार्श्वभूमीवर ठेवता येतं, हा त्यामागचा विचार होता. समई एकदा कापून पन्नास ठिकाणी वापरायची, हे आपलं काम त्याच विचारावर चालतं.

जेपीजीमध्ये या चौथ्या आकड्याला जागाच नाही. त्यामुळे पारदर्शक चित्र जेपीजी झालं की रिकाम्या जागी पांढरा किंवा काळा रंग भरला जातो. गिफमध्ये जागा आहे, पण तिथला ठिपका एक तर असतो किंवा नसतो, अर्धामुर्धा नसतो. म्हणून गिफमधल्या गोल कडा दातेरी दिसतात. 1996 साली पक्क्या झालेल्या पीएनजीत मात्र अल्फाच्या 256 पायऱ्या मिळतात. समईच्या गोल तबकडीची कडा गुळगुळीत दिसते ती या मधल्या पायऱ्यांमुळे.

पारदर्शक भाग ओळखू यावा म्हणून सॉफ्टवेअर तिथे करड्या-पांढऱ्या चौकटी दाखवतं. त्या चित्रात नसतात, फक्त पडद्यावर असतात. इंटरनेटवरून पीएनजी म्हणून उतरवलेल्या पुष्कळ चित्रांत मात्र त्याच चौकटी रंगवलेल्या असतात. अशी फाइल लाल पट्टीवर ठेवली की वस्तूबरोबर बुद्धिबळाचा पटही छापून येतो. म्हणून उतरवलेली पीएनजी आधी एखाद्या गडद रंगावर ठेवून बघावी.

खोडायचं नाही, झाकायचं

दुसऱ्यांदा समई कापायला बसलो तेव्हा कामाचा क्रम बदलला. फोनवरचा उभा फोटो 3000 बाय 4000 पिक्सेलचा होता आणि त्यात समईची उंची साधारण 3400 पिक्सेल. फोटो गिम्पमध्ये उघडून आधी त्या लेअरची प्रत केली. खालच्या मूळ फोटोला `mool` नाव देऊन कुलूप लावलं आणि ठरवलं की याला हात लावायचा नाही.

मग वरच्या प्रतीवर पेनने, म्हणजे गिम्पच्या `Paths` या साधनाने, कडा आखली. समईला हे साधन सोयीचं पडतं, कारण बैठक, दांडा आणि तबकडी यांची वळणं ठसठशीत असतात. एका वळणाच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक असे दोन बिंदू दिले, की मधली रेघ ओढून बसवता येते. आपोआप निवड करणारी साधनं पितळेवर फसतात. चकचकीत पितळेत मागचा पांढरा कागदच दिसत असतो, त्यामुळे समई कुठे संपते आणि कागद कुठे सुरू होतो, हे त्यांना उमगत नाही.

आखलेल्या रेघेवरून निवड केली. नवखा माणूस इथे उरलेला भाग `Delete` दाबून खोडतो. पहिल्या खेपेला मीही तेच केलं होतं. या वेळी `Layer > Mask > Add Layer Mask` घेतलं आणि पुढच्या यादीत `Selection` निवडलं. त्याने लेअरला एक मास्क चिकटला. मास्क म्हणजे कृष्णधवल पडदा: तो पांढरा असेल तिथे चित्र दिसतं, काळा असेल तिथे झाकलं जातं, करडा असेल तिथे अर्धवट दिसतं. फोटोतला एकही ठिपका खोडला जात नाही. वरच्या मोराचा तुरा चुकून कापला गेला होता, तेव्हा मास्कवर पांढऱ्या ब्रशने एकदा फिरवलं आणि तुरा परत आला. मोराची मान आणि शेपूट यांच्यामधल्या बोटभर फटीत कागद दिसत राहिला होता, तिथे काळा ब्रश फिरवला. अशा आतल्या फटी हमखास राहून जातात, कारण कडा आखताना सगळं लक्ष बाहेरच्या रेघेवर असतं.

पांढरी किनार

कापलेली वस्तू पांढऱ्यावर छान दिसते आणि मरूनवर ठेवली की तिच्याभोवती खडूने रेघ मारल्यासारखी पांढरी किनार येते. ही तक्रार प्रेसमध्ये रोज ऐकू येते. ती येते कुठून, ते एका ठिपक्याच्या हिशोबाने कळतं.

समजा कडेजवळच्या पितळेचा उजळपणा 120 आहे आणि मागच्या कागदाचा 240. अगदी कडेवरच्या ठिपक्यात अर्धं पितळ, अर्धा कागद आला, म्हणून कॅमेऱ्याने तो 180 नोंदवला. आपण तो मास्कने अर्धा पारदर्शक केला आणि 20 उजळपणाच्या मरूनवर ठेवला. 180 चे निम्मे 90 आणि 20 चे निम्मे 10, मिळून 100. खरं तर तिथे पितळेचे 60 आणि मरूनचे 10 असे 70 यायला हवे होते. जास्तीचे 30 हा जुन्या कागदाचा उरलेला अंश. कडेभर असे ठिपके ओळीने बसले की पांढरी किनार दिसते. अल्फा बरोबर असतो. त्याच्याबरोबर आलेल्या रंगात कागद मिसळलेला असतो.

सोपा उपाय म्हणजे मास्क करण्याआधी `Select > Shrink` ने निवड एक पिक्सेल आत घेणे. भेसळीचे बहुतेक ठिपके त्याने बाहेर पडतात. दांड्याला हे चालतं, पण समईच्या साखळीसारखी बारीक वस्तू त्याने आणखी बारीक होते. तिथे दुसरा उपाय करतो. मास्क तसाच ठेवून लेअरच्या चित्रावर क्लोन ब्रशने शेजारचं पितळ कडेच्या बाहेर दोन-चार पिक्सेल ओढतो. बाहेरचं रंगकाम मास्कमागे झाकलं जातं आणि कडेवरच्या अर्ध्या ठिपक्यात कागदाऐवजी पितळ येतं. बाहेरचा भाग `Delete` ने खोडला असता तर ही सोय उरली नसती.

दोष दिसावा म्हणून थरांच्या फाइलीतच तपासणीचे तीन लेअर ठेवले: मरून, पानासारखा हिरवा आणि पांढरा. समईखाली एकेक लेअर उघडून कडा दुप्पट मोठी करून पाहिली. गडद रंगावर पांढरी किनार उघडी पडते. पांढऱ्यावर तिच्या उलट, चुकून आत राहिलेले सावलीचे काळे तुकडे दिसतात.

कडा कितीही नेटकी असली तरी एक गोष्ट कापून जात नाही, ती म्हणजे वस्तूच्या अंगावर उमटलेला परिसर. पहिला फोटो मी लाल सतरंजीवर काढला असता तर बैठकीच्या पितळेत लाल झाक आली असती आणि ती हिरव्या फ्लेक्सवरही तशीच दिसली असती. म्हणून चकाकणारी वस्तू पांढऱ्या किंवा करड्या कागदावर ठेवून फोटो काढावा.

ज्योत आणि सावली

ज्योतीला कडा नसते. ती मधे भरीव असते आणि बाहेर जाता जाता विरते. पेनने कापली तर पिवळ्या पताकेसारखी दिसते. म्हणून ज्योतीचा फोटो रात्री, दिवे मालवून, मागे काळं कापड लावून वेगळा काढला. तो समईवर नव्या लेअरला बसवला आणि `Colors > Color to Alpha` मध्ये काळा रंग निवडला. ठिपका जितका काळ्याजवळचा तितका तो जास्त पारदर्शक, असं ही आज्ञा करते. ज्योतीचा गाभा भरीव राहिला आणि भोवतीची प्रभा आपोआप विरत गेली.

इथे एक फसगत झाली. काळं कापड फोटोत पुरतं काळं आलेलं नव्हतं. डोळ्यांना ते काळंच दिसत होतं, पण ठिपक्यांत थोडा उजेड उरला होता. पांढऱ्या तपासणी-लेअरवर ज्योतीभोवती फोटोची अख्खी आयताकृती चौकट पुसटशी दिसू लागली. त्याच खिडकीतलं `Transparency threshold` थोडं वाढवलं, तेव्हा ती गेली.

मित्राने सुचवलं होतं की ज्योतीचा काळा फोटो तसाच ठेव आणि लेअरचा मोड `Screen` कर. काळं नाहीसं होतं. थरांच्या फाइलीत ते होतंही. पण `Screen` म्हणजे खालच्या लेअरबरोबर कसं मिसळायचं याची सूचना, आणि पीएनजीत ती सूचना जात नाही. तिथे खाली कोणी नसतं, म्हणून ज्योत हवी तशी येत नाही. पीएनजीतून पुढे जायची वस्तू `Normal` मोडवर आणि अल्फावरच उभी करावी लागते.

सावली मात्र पीएनजीत उत्तम जाते. बैठकीखाली वेगळ्या लेअरवर काळ्या रंगाचा चपटा लंबगोल काढला, तो धूसर केला आणि त्याची अपारदर्शकता 35 टक्क्यांवर आणली. मरूनवर तो गडद मरून होतो, पिवळ्यावर गडद पिवळा. तरीही सावली समईत मिसळून टाकली नाही. पुढच्या डिझाइनमध्ये उजेड डावीकडून येणार की उजवीकडून, हे आज ठाऊक नसतं. रांगोळीच्या मधोमध समई ठेवली तर ही सावली नकोही असेल.

बाहेर काढताना

आता फाइल `samai_mool.xcf` म्हणून साठवली आणि त्यानंतरच पीएनजीकडे वळलो. मूळ फाइलीत काहीही कापायचं नाही, म्हणून `Image > Duplicate` ने पूर्ण प्रत उघडली. प्रतीतून मूळ फोटो आणि तपासणीचे तिन्ही लेअर काढून टाकले. यातला एक जरी डोळा उघडा राहिला, तर पीएनजी अख्खी रंगीत चौकोनी होते. पारदर्शक फाइल पारदर्शक न येण्याचं सगळ्यात सामान्य कारण हेच.

मग समईभोवती हाताने चौकट आखून क्रॉप केलं आणि चहूबाजूंनी चाळीसेक पिक्सेल मोकळे सोडले. पहिल्या खेपेला अगदी कडेला लावून क्रॉप केलं होतं, त्यामुळे ज्योतीच्या प्रभेला वरून सुरीने कापल्यासारखी सरळ रेघ आली होती. पडद्यावर ती जाणवली नव्हती, पत्रिकेवर जाणवली.

`File > Export As` मध्ये नाव दिलं आणि शेवटी `.png` लिहिलं. पुढच्या खिडकीत `Compression level` चा आकडा असतो. जेपीजीच्या सवयीने लोक तो घाबरत घाबरत कमी करतात. पीएनजीत तो चित्राला धक्का लावत नाही. आकडा मोठा असला तर फाइल लहान होते आणि साठवायला वेळ थोडा जास्त लागतो, एवढंच.

आकार निवडताना मोठाच ठेवला, कारण मोठ्यातून लहान करता येतं, उलट जमत नाही. पत्रिकेच्या छपाईला इंचाला 300 पिक्सेल धरतात. त्या हिशोबाने माझी जुनी सहाशे पिक्सेलची समई दोन इंचांची होती, म्हणून पत्रिकेवर शोभली. फ्लेक्स लांबून बघतात, तिथे इंचाला 100 पिक्सेलही चालतात. 3400 पिक्सेलची समई 34 इंच, म्हणजे जवळजवळ तीन फूट उंच, उभी राहते. जुनी मात्र सहा इंचांवरच थकली असती.

शेवटी फोल्डरमध्ये या फायली उरल्या:

```
samai_mool.xcf
samai_jyot_3400.png
samai_jyot_savli_3400.png
samai_vina_jyot_3400.png
```

नावातच काय आहे आणि केवढं आहे, हे दोन्ही कळतं. `final`, `final2`, `final_navin` या नावांनी सहा महिन्यांनी काहीच कळत नाही.

पाठवण्याआधी एक नवा मरून कॅनव्हास उघडला आणि `File > Open as Layers` ने तीच पीएनजी त्यावर आणली. ज्या खिडकीत काम केलं तिथलं चित्र तपासून उपयोग नाही, कारण तिथे सगळे लेअर असतात. समोरच्याच्या हातात जे पडणार, तेच उघडून बघावं.

पीएनजीच्या मर्यादा दोन लक्षात ठेवाव्यात. तिच्यात छपाईचे चार शाईरंग बसत नाहीत, फक्त पडद्याचे तीन बसतात. प्रेसमध्ये रूपांतर होतं तेव्हा पितळेचा झळझळीत पिवळा थोडा मावळतो. दुसरी गोष्ट ज्योतीची. पांढऱ्या कागदावर कागदाहून उजळ काहीच छापता येत नाही, म्हणून मरूनवर पेटलेली दिसणारी ज्योत पांढऱ्यावर नुसती पिवळी दिसते. पांढऱ्या पत्रिकेसाठी ज्योत नसलेली समई त्याचमुळे वेगळी काढून ठेवली.

परवा प्रेसमधून पुन्हा फोन आला. वास्तुशांतीचं कार्ड होतं, फिकट पिवळ्या कागदावर, आणि त्यांना समई अर्ध्या वाती पेटलेली हवी होती.

"जमेल का काका? पुन्हा कापावी लागेल ना?"

`samai_mool.xcf` उघडली, ज्योतीच्या लेअरला मास्क लावला, डावीकडच्या दोन ज्योती काळ्या ब्रशने झाकल्या आणि नवी पीएनजी काढली. फाइल डॉक्युमेंट म्हणूनच पाठवली.